ट्रेनिंगमुळे काम सुधारलं, पण कुठल्या वाटेनं? तीन रिग्रेशनमधून मेडिएशन ॲनालिसिस

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका सीएनसी वर्कशॉपची कल्पना करा. ऑपरेटरांना मोजमापाचं तीन दिवसांचं ट्रेनिंग दिलं: व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज हाताळणं, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स वाचणं, ऑफसेट बदलणं. पुढच्या महिन्यात रिजेक्शन कमी झालं आणि ओके जॉब वाढले. ट्रेनिंगचा उपयोग झाला, हे मॅनेजरला पटलं. पण शेडमध्ये उभा असलेला सुपरवायझर वेगळंच विचारतो: "पोट्टे खरंच मोजायला शिकले, का तीन दिवस मान मिळाला म्हणून जोमानं काम करून राहिले?"

मेडिएशन ॲनालिसिस याच प्रश्नाचं उत्तर शोधतं. ट्रेनिंगचा कामावरचा एकूण परिणाम दोन भागांत तोडायचा. एक भाग मोजमापाच्या कौशल्यातून जातो: ट्रेनिंगनं कौशल्य वाढलं आणि कौशल्यानं काम सुधारलं. हा अप्रत्यक्ष परिणाम. कौशल्याला बाजूला ठेवूनही ट्रेनिंगचा जो परिणाम उरतो, तो प्रत्यक्ष परिणाम. मधल्या कौशल्याला मध्यस्थ चल म्हणतात. नागपुरात एमबीए, मानसशास्त्र किंवा समाजकार्याचा प्रकल्प करणाऱ्या बऱ्याच विद्यार्थ्यांच्या आराखड्यात असा मध्यस्थ असतोच. तो तपासायला साध्या रिग्रेशनपलीकडचं गणित लागत नाही, डोकं मात्र शेवटपर्यंत जागं ठेवावं लागतं.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, कुठल्याही कारखान्याचे नाहीत. पण ते एकमेकांशी जुळतात, त्यामुळे कागद-पेन घेऊन पडताळता येतील.

आधी डेटा कसा गोळा करायचा ते ठरवा

१२० ऑपरेटर आहेत. चिठ्ठ्या टाकून ६० जणांना ट्रेनिंगला पाठवलं, उरलेल्या ६० जणांना दोन महिन्यांनी पाठवायचं ठरलं. चिठ्ठ्या टाकणं इथे फार मोलाचं आहे. सुपरवायझरनं आपल्या मर्जीनं माणसं निवडली तर तो चांगली पोरं पाठवेल किंवा डोकेदुखी असलेली पोरं पाठवेल, आणि दोन्ही बाबतींत तुलना बिघडेल. दोन्ही गटांची मोजणी एकाच काळात व्हायला हवी, हेही तितकंच महत्त्वाचं. "आधी मे महिन्यात मोजलं, ट्रेनिंगनंतर जुलैत मोजलं" अशी तुलना नागपुरात तर मुळीच चालणार नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेलेला असतो, पत्र्याच्या शेडमध्ये हात धीमे पडतात, आणि पाऊस पडला की काम आपोआप सुधारतं. ते श्रेय ट्रेनिंगच्या खात्यात जमा होईल.

आता तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या वेळी मोजायच्या. ट्रेनिंग मिळालं की नाही, हे १ आणि ०. ट्रेनिंग संपल्यावर आठवड्यानं प्रत्येकाची मोजमापाची परीक्षा, २० गुणांची. त्यानंतरच्या चार आठवड्यांत टार्गेटच्या दर १०० जॉबमागे सरासरी किती ओके जॉब निघाले, ते कामगिरीचं माप. टार्गेटच्या प्रमाणात मोजायचं कारण असं की एकाच्या मशीनवर शाफ्ट असतो, दुसऱ्याच्या मशीनवर बुश, आणि दोघांचा सायकल टाइम सारखा नसतो. नुसते जॉब मोजले तर माणसापेक्षा मशीनच मोजलं जाईल.

हा क्रम मोडला की पुढचं सगळं गणित पोकळ होतं. परीक्षा आणि कामगिरी एकाच दिवशी एकाच प्रश्नावलीत विचारली, तर कौशल्यामुळे काम सुधारलं की चांगलं काम करणाऱ्याला आपण कुशल आहोत असं वाटलं, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. दोन्हीचं रिग्रेशन अगदी सारखंच दिसतं. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकल्पांचा पाया इथेच कच्चा राहतो, म्हणून फॉर्म छापण्याआधीच यावर बोलून घ्या.

शिवाय दोन चल ट्रेनिंगच्या आधीच लिहून ठेवा: तशीच एक पूर्वपरीक्षा आणि अनुभवाची वर्षं. ते कशाला, हे पुढे कळेल. त्यांच्याविना शेवटी अडाल, एवढं आत्ता लक्षात असू द्या.

तीन समीकरणं

पद्धत जुनी आहे. बॅरन आणि केनी यांनी १९८६ मध्ये ती ज्या पायऱ्यांत मांडली, त्याच पायऱ्या आजही बहुतेक ठिकाणी शिकवतात. त्यांतल्या दोन अटी आता सोडून दिल्या जातात, त्यांच्याकडे मी येणारच आहे. आधी गणित पाहू. आर मध्ये ते असं होतं. `test1` म्हणजे पूर्वपरीक्षा, `test2` म्हणजे ट्रेनिंगनंतरची परीक्षा:

```r
d <- na.omit(d[, c("training", "test1", "anubhav",
                   "test2", "ok_job")])
m1 <- lm(ok_job ~ training, data = d)
m2 <- lm(test2 ~ training, data = d)
m3 <- lm(ok_job ~ training + test2, data = d)
```

पहिलं समीकरण एकूण परिणामाचं. ट्रेनिंग न मिळालेल्यांची सरासरी ७२ ओके जॉब, मिळालेल्यांची ७६. म्हणजे `training` चा गुणांक ४.०. याला c म्हणू. त्याची प्रमाण त्रुटी १.३७ आहे, म्हणजे ९५ टक्के विश्वास अंतराल साधारण १.३ ते ६.७.

दुसरं समीकरण ट्रेनिंगपासून कौशल्यापर्यंतचं. ट्रेनिंग नसलेल्यांना परीक्षेत सरासरी ११ गुण, असलेल्यांना १४. गुणांक ३.०, प्रमाण त्रुटी ०.६४. हा a. ट्रेनिंगनं शिकवायचं ते शिकवलं का, याचं उत्तर इथे मिळतं. हा a शून्याच्या जवळ निघाला तर मध्यस्थीचा विचार तिथेच सोडा आणि ट्रेनिंगच्या मजकुराकडे किंवा परीक्षेच्या प्रश्नांकडे वळा. आणखी एक गोष्ट तपासा: ट्रेनिंग घेतलेला आणि न घेतलेला ऑपरेटर शेजारच्या मशीनवर उभे असतील, तर चहाच्या सुट्टीत पहिला दुसऱ्याला बोअर गेज कसा धरायचा ते दाखवणारच. त्यानं दुसऱ्या गटाचे गुणही वाढतात आणि a खरा आहे त्यापेक्षा लहान दिसतो.

तिसरं समीकरण सगळ्यांत महत्त्वाचं. त्यात ट्रेनिंग आणि परीक्षेचे गुण एकत्र आहेत. त्याचं उत्तर असं:

ओके जॉब = ६३.२ + १.६ × ट्रेनिंग + ०.८० × गुण

यातला ०.८० हा b, प्रमाण त्रुटी ०.१८. आणि १.६ हा c′, प्रमाण त्रुटी १.३९. b चा अर्थ शब्दांत नीट मांडून पाहा: एकाच गटातले दोन ऑपरेटर घेतले, आणि एकाला दुसऱ्यापेक्षा परीक्षेत १ गुण जास्त असेल, तर त्याचे दर १०० मागे सरासरी ०.८ ओके जॉब जास्त निघतात. "एकाच गटातले" हे शब्द महत्त्वाचे आहेत. नवशिके बरेचदा इथे `training` गाळतात आणि कामगिरी थेट गुणांवर लावतात. आपल्या उदाहरणात तसं केलं तर गुणांक ०.८० ऐवजी ०.८८ येतो. ट्रेनिंग मिळालेल्यांचे गुणही जास्त आणि काम दुसऱ्या कारणांनीही बरं, त्यामुळे ट्रेनिंगचा स्वतःचा वाटा गुणांच्या अंगाला चिकटतो. b काढायचा तो ट्रेनिंग समीकरणात ठेवूनच.

आता तुकडे जोडू. ट्रेनिंगनं गुण ३ नं वाढवले, प्रत्येक गुणानं ०.८ जॉब वाढवले, म्हणून अप्रत्यक्ष परिणाम a × b = ३.० × ०.८० = २.४. प्रत्यक्ष परिणाम c′ = १.६. बेरीज ४.०, म्हणजे पहिल्या समीकरणातला c. चार वाढीव जॉबपैकी २.४ मोजमापाच्या कौशल्याच्या वाटेनं आले, १.६ इतर वाटांनी.

ही बेरीज साध्या रिग्रेशनमध्ये दशांशापर्यंत तंतोतंत जुळते, म्हणून ती स्वतःचं काम तपासायचं उत्तम साधन आहे. जुळली नाही तर जवळजवळ नेहमी एकच कारण असतं: तिन्ही समीकरणं वेगवेगळ्या माणसांवर चालली आहेत. दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी आठ जण रजेवर होते, तर पहिलं समीकरण १२० जणांवर चालतं आणि उरलेली दोन ११२ जणांवर, कारण `lm` रिकाम्या ओळी न विचारता गाळतं. वरच्या कोडमधली पहिली ओळ, `na.omit` ची, त्याचसाठी आहे. दुसरं कारण म्हणजे एका समीकरणात अनुभव घातला आणि दुसऱ्यात विसरलात. कामगिरीचं माप हो-नाही स्वरूपाचं असेल आणि तुम्ही लॉजिस्टिक रिग्रेशन लावलं असेल, तर मात्र ही बेरीज मुळातच जुळणार नाही. तिथे वेगळी रीत लागते.

२.४ वर किती विश्वास ठेवायचा

a ची प्रमाण त्रुटी आहे, b ची आहे, पण आपल्याला हवा आहे त्यांचा गुणाकार. सोबेलनं १९८२ मध्ये यासाठी सूत्र दिलं. ते आपल्या आकड्यांवर लावलं तर प्रमाण त्रुटी ०.७४ येते आणि अंतराल ०.९ ते ३.९. अडचण अशी की दोन अंदाजांच्या गुणाकाराचं वितरण घंटेच्या आकाराचं नसतं, ते एका बाजूला झुकलेलं असतं. सोबेलचं सूत्र मात्र दोन्ही बाजू सारख्या धरतं. मोठ्या नमुन्यात फरक पडत नाही, साठ-सत्तर माणसांच्या प्रकल्पात पडतो.

म्हणून आता बूटस्ट्रॅप वापरतात. आपल्याच १२० ओळींतून, काढलेली ओळ परत टाकत, १२० ओळी उचलायच्या, त्यावर दोन्ही रिग्रेशन चालवून a × b काढायचा, आणि हे पाच हजार वेळा करायचं:

```r
set.seed(440001)
ab <- replicate(5000, {
  k <- d[sample(nrow(d), replace = TRUE), ]
  coef(lm(test2 ~ training, data = k))["training"] *
    coef(lm(ok_job ~ training + test2, data = k))["test2"]
})
quantile(ab, c(.025, .975))
```

पाच हजार गुणाकार लहानापासून मोठ्यापर्यंत लावले की मधले ९५ टक्के म्हणजे अंतराल. आपल्या उदाहरणात ते १.१ ते ४.० धरू. शून्य त्यात नाही, म्हणून अप्रत्यक्ष परिणाम आहे असं म्हणता येतं. पण अंतराल केवढं रुंद आहे, तेही पाहा: कौशल्याच्या वाटेनं एक जॉब आला असेल किंवा चारही आले असतील. `set.seed` न दिल्यास प्रत्येक वेळी थोडं वेगळं उत्तर येतं आणि मार्गदर्शकांसमोर आकडे जुळत नाहीत, म्हणून तो द्याच. ज्यांच्या कॉलेजच्या लॅबमध्ये SPSS आहे, त्यांना PROCESS मॅक्रोच्या मॉडेल ४ मध्ये हेच सगळं मिळतं. तरी एकदा हातानं तीन समीकरणं चालवाच. मॅक्रो एकाच पानावर सगळे आकडे ओततो, आणि कुठला आकडा कुठल्या समीकरणातून आला हे ज्यानं स्वतः केलं नाही त्याला कळत नाही.

माणसं किती लागतात, हा प्रश्न दर वेळी येतो. फ्रिट्झ आणि मॅकिनन यांनी २००७ मध्ये याचा हिशेब मांडला. दोन्ही वाटा मध्यम ताकदीच्या असतील तर बूटस्ट्रॅपनं ८० टक्के वेळा परिणाम सापडायला साधारण ७० ते ८० माणसं पुरतात. दोन्ही वाटा क्षीण असतील तर साडेचारशेच्या वर लागतात. ५० फॉर्म भरून "मध्यस्थी आढळली नाही" असा निष्कर्ष लिहिणं म्हणूनच अन्यायाचं आहे. त्या नमुन्यात ती असती तरी सापडेलच असं नव्हतं.

"पूर्ण मध्यस्थी" लिहिण्याआधी थांबा

आपल्या c′ चं अंतराल −१.२ ते ४.४ आहे. शून्य आत आहे, पी-मूल्य ०.२५ च्या आसपास. जुन्या पायऱ्यांप्रमाणे इथे लिहिलं जातं: प्रत्यक्ष परिणाम लक्षणीय नाही, म्हणून पूर्ण मध्यस्थी. प्रबंधांमध्ये हे वाक्य मला सारखं भेटतं आणि दर वेळी खटकतं. ४.४ हा आकडा एकूण परिणामापेक्षाही मोठा आहे. म्हणजे हाच डेटा "प्रत्यक्ष परिणाम काहीच नाही" यालाही जागा देतो आणि "बहुतेक परिणाम प्रत्यक्षच आहे" यालाही. नमुना लहान घेतला की c′ चं अंतराल रुंद होतं आणि "पूर्ण मध्यस्थी" सहज मिळते. ज्यानं कमी माणसं मोजली त्याला जास्त ठाम निष्कर्ष मिळावा, हे उलटंच झालं. c′ आणि त्याचं अंतराल लिहा. पूर्ण आणि अर्धी हे शब्द सोडून द्या.

प्रत्यक्ष या शब्दानंही फसायला होतं. c′ म्हणजे ट्रेनिंगनं जादूनं थेट काम सुधारलं असं नव्हे. तुम्ही न मोजलेल्या सगळ्या वाटा त्यात जमा असतात: उत्साह, सुपरवायझरचं लक्ष, ट्रेनिंगनंतर बरं मशीन मिळणं, ऑफसेट बदलण्याचं ज्ञान, जे मोजमापाच्या परीक्षेत आलंच नाही.

सोडायची दुसरी जुनी अट अशी: एकूण परिणाम c लक्षणीय नसेल तर पुढे जाऊ नये. हे आपल्याच शेडमध्ये चुकीचं ठरू शकतं. मोजायला शिकलेला ऑपरेटर प्रत्येक जॉब थांबून मोजतो. त्यानं रिजेक्शन कमी होतं, पण पाळीत निघणारे जॉबही कमी होतात. समजा कौशल्याच्या वाटेनं २.४ जॉब वाढले आणि वेळ गेल्यामुळे २.० कमी झाले. एकूण परिणाम ०.४, म्हणजे दिसायला काहीच नाही. पहिल्याच पायरीवर थांबलेला विद्यार्थी ट्रेनिंग वाया गेलं असं लिहील. पुढे गेलेल्याला दिसेल की शिकवलेलं उपयोगी पडतं आहे आणि अडचण वेळेची आहे. तिथे हातातल्या मायक्रोमीटरऐवजी मशीनजवळ गो-नो-गो गेज ठेवला तर फायदा राहील आणि वेळ वाचेल. दोन वाटांची चिन्हं विरुद्ध असताना "एकूण परिणामाचे इतके टक्के कौशल्यातून" असं मात्र लिहू नका. २.४ भागिले ०.४ म्हणजे ६०० टक्के, आणि त्याला काही अर्थ नाही.

चिठ्ठ्या टाकल्या, तरी b सुरक्षित नाही

आता सगळ्यांत नाजूक जागा. चिठ्ठ्या टाकल्यामुळे ट्रेनिंग मिळालेले आणि न मिळालेले गट सारखे आहेत, म्हणून c आणि a यांच्यावर भरवसा ठेवता येतो. पण परीक्षेत कुणाला किती गुण मिळतील, हे कुणी चिठ्ठी टाकून ठरवलेलं नाही. एकाच गटात १७ गुणवाला आणि ९ गुणवाला यांच्यात कौशल्याशिवायही फरक आहेत. १७ वाला आयटीआय करून दहा वर्षं लेथवर उभा आहे, हात बसलेला आहे, आवाजावरून टूल झिजल्याचं त्याला कळतं. त्याचे ओके जॉब जास्त आहेत ते परीक्षेतल्या गुणांमुळेच असं नाही, अनुभवामुळेही आहेत. आणि अनुभवामुळेच गुणही जास्त आहेत. अशा वेळी ०.८० मध्ये अनुभवाचा वाटा मिसळलेला असतो, आणि अप्रत्यक्ष परिणाम फुगलेला दिसतो.

त्याचसाठी पूर्वपरीक्षा आणि अनुभव लिहून ठेवायला सांगितलं. ते दोन्ही तिन्ही समीकरणांत घाला. समजा उत्तरं अशी आली: a तसाच ३.०, c तसाच ४.०, कारण चिठ्ठ्यांमुळे त्या दोघांत फार फरक पडायला नको. b मात्र ०.८० वरून ०.५५ वर उतरला. आता अप्रत्यक्ष परिणाम ३.० × ०.५५ = १.६५ आणि प्रत्यक्ष परिणाम २.३५. आधी म्हणत होतो की साठ टक्के वाटा कौशल्याचा, आता तो चाळीस टक्क्यांच्या आसपास आला. बूटस्ट्रॅपचं अंतराल ०.२ ते ३.४ धरा: अजून शून्याच्या वर आहे, पण जेमतेम.

c स्थिर आणि b हललेला, हीच खूण लक्षात ठेवायची. नियंत्रण चल घातल्यावर b एवढा हलला, म्हणजे गुण आणि काम या दोघांमागे समान कारणं होती. आणि मोजलेल्या कारणांनी एवढा फरक पडला, तर न मोजलेली कारणंही असणार. त्यांचा अंदाज घ्यायची सोय आर मधल्या `mediation` पॅकेजमध्ये आहे:

```r
library(mediation)
fa <- lm(test2 ~ training + test1 + anubhav, data = d)
fb <- lm(ok_job ~ training + test2 + test1 + anubhav, data = d)
r <- mediate(fa, fb, treat = "training",
             mediator = "test2", boot = TRUE, sims = 5000)
summary(r)
summary(medsens(r))
```

पडद्यावर `ACME` म्हणून येतो तो अप्रत्यक्ष परिणाम, `ADE` हा प्रत्यक्ष. `medsens` एक प्रश्न सोडवतं: गुणांच्या समीकरणातली आणि कामाच्या समीकरणातली उरलेली त्रुटी एकमेकींशी किती जोडलेली असेल, तर अप्रत्यक्ष परिणाम शून्य होईल? आपल्या आकड्यांत तो सहसंबंध ०.२ च्या आसपास येतो. ०.२ म्हणजे काही फार नाही. घरची परिस्थिती, डोळ्यांची नजर, मशीनची स्थिती अशा एखाद्या गोष्टीनं एवढा संबंध सहज तयार होऊ शकतो. हा आकडा ०.५ आला असता तर मी जास्त निर्धास्त झालो असतो.

एक खबरदारी मात्र घ्या. ट्रेनिंगनंतर बदललेली गोष्ट नियंत्रण चल म्हणून घालू नका. ट्रेनिंगनंतर मोजलेला उत्साह समीकरणात घातला, तर ट्रेनिंगची एक वाटच तुम्ही बंद केली आणि c′ खोटा लहान झाला. नियंत्रणात फक्त ट्रेनिंगच्या आधीच्या गोष्टी घ्यायच्या.

परीक्षाच ढिली असेल तर

उलट्या दिशेनं ओढणारा एक दोषही आहे. परीक्षा नीट नसेल, म्हणजे त्याच माणसाला आज १२ आणि चार दिवसांनी १५ गुण मिळत असतील, तर गुणांत गोंगाट मिसळतो. हा गोंगाट a ला धक्का लावत नाही, कारण गटाच्या सरासरीत तो विरून जातो. b मात्र लहान होतो आणि कौशल्याचा वाटा गुपचूप प्रत्यक्ष परिणामात जाऊन बसतो. पहिल्या, नियंत्रणाशिवायच्या हिशेबावर पाहू: गटांतर्गत विश्वसनीयता ०.७० असेल, तर खरा b असेल ०.८० ÷ ०.७० = १.१४. अप्रत्यक्ष परिणाम सुमारे ३.४, प्रत्यक्ष फक्त ०.६. तोच डेटा, तरी निष्कर्ष बदलला.

अनुभवासारखं कारण सुटलं तर b फुगतो, परीक्षा ढिली असेल तर b आकसतो. दोन्ही दोष एकाच प्रकल्पात असू शकतात, आणि ते एकमेकांना बरोबर खोडून काढतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. पर्यायांवर खूण करायची लेखी परीक्षा टाळा. प्रत्येकाच्या हातात दहा जॉब आणि खरी गेज द्या, वाचन लिहायला सांगा, आणि ते स्टँडर्ड रूमच्या वाचनाशी ताडून गुण द्या. वीस-पंचवीस जणांची परीक्षा काही दिवसांनी पुन्हा घेतली की विश्वसनीयता काढता येते.

ट्रेनिंगमुळे गुणांची किंमतच बदलली का, हेही एकदा पाहून घ्या. तिसऱ्या समीकरणात `training:test2` घाला. ट्रेनिंग मिळालेल्यांना ऑफसेट बदलायची परवानगी असेल आणि इतरांना नसेल, तर एका गुणाचा फायदा पहिल्या गटात जास्त निघेल. मग एकच b धरून चालत नाही आणि दोन गटांसाठी अप्रत्यक्ष परिणाम वेगळा द्यावा लागतो. हा गुणांक लहान असेल तर पुढे चला.

अहवालात काय लिहायचं

वरच्या उदाहरणासाठी मी असं लिहीन: "ट्रेनिंगचा एकूण परिणाम दर १०० जॉबमागे ४.० ओके जॉब. पूर्वपरीक्षा आणि अनुभव नियंत्रित केल्यावर त्यातले १.६५ मोजमापाच्या कौशल्यातून आले असावेत (९५ टक्के बूटस्ट्रॅप अंतराल ०.२ ते ३.४). उरलेले २.३५ इतर वाटांनी (अंतराल −०.४ ते ५.१). कौशल्य आणि कामगिरी यांमागे न मोजलेलं समान कारण नाही, या गृहीतकावर हा निष्कर्ष उभा आहे, आणि ०.२ एवढा सहसंबंधही तो पुसून टाकू शकतो." मॅनेजरला एवढं सांगितलं तर सुपरवायझरच्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं: शिकले आहेत, पण सगळी वाढ शिकण्यातून आलेली नाही.

b पक्का करायचा असेल तर दुसरी तुकडी ट्रेनिंगला जाईल तेव्हा पुन्हा चिठ्ठ्या टाका. सगळ्यांना तेच तीन दिवस द्या, पण अर्ध्या जणांना पुढचे दोन आठवडे पाळी सुरू होण्याआधी वीस मिनिटं गेजवर सराव द्या. उरलेल्यांनाही तेवढाच वेळ, त्याच माणसासोबत, पण दुसऱ्या कामासाठी द्या, म्हणजे मिळालेलं लक्ष दोघांना सारखं राहील. मग कौशल्यातला फरक निदान काही अंशी तुम्ही स्वतः घडवलेला असेल, आणि दहा वर्षांच्या अनुभवाचा हात त्यात मिसळलेला नसेल.